जुलाबावर आणखी एक अँटिबायोटिक

अँटिबायोटिक घेतल्यावर जुलाब लागले की आमच्या अड्याळात औषध दुकानातून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची स्ट्रिप येते. म्हणजे अँटिबायोटिकने केलेल्या दुखण्यावर आणखी दोन अँटिबायोटिक्स! आईच्या बाबतीत हेच झालं.

रोवणीच्या दिवसांत बांधीत तिच्या पायाला काहीतरी टोचलं आणि पोटरीपर्यंत पाय लालेलाल सुजला. क्लिंडामायसिनच्या कोर्सने पाय उतरला. वय सत्तरीचं, आणि ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल तर वर्षानुवर्षं चालूच. कोर्स संपून आठवडा उलटल्यावर जुलाब सुरू झाले. गोळ्या तर संपल्या होत्या, म्हणून सगळ्यांनी दोष पावसाळी पाण्याला दिला. शेजारच्या काकूंनी स्ट्रिप आणून दिली, "दोन गोळ्यांत बंद होते बाप्पा." जुलाब जरा आटोक्यात आले आणि मग दुपटीने वाढले. पोट टम्म फुगलं, तापही आला.

अँटिबायोटिकमुळे लागणाऱ्या जुलाबांपैकी बहुतेक साधे असतात. आतड्यातले उपयोगी जंतू मेले की न पचलेली पिष्टं तिथेच पाणी धरून राहतात. अमॉक्सिसिलिनसोबतचं क्लॅव्युलॅनेट तर आतड्याची चालच वाढवतं. ताप नाही, रक्त नाही, दिवसातून दोन-चार वेळा जावं लागतं, आणि औषध थांबलं की पोटही थांबतं. त्यात ओआरएस पुरतं.

दुसरा प्रकार क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिलचा. हा जंतू बीजाणू करून राहतो आणि अँटिबायोटिकच्या माऱ्यातून वाचतो. बाकीचे जंतू हटले की तो वाढतो आणि त्याची विषं मोठ्या आतड्याचं अस्तर सोलतात. क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन आणि ओफ्लॉक्सासिनच्या कुळातली औषधं यात सर्वांत बदनाम. त्रास कोर्स संपल्यावरही सुरू होऊ शकतो. बहुधा पहिल्या महिन्यात, पण तीन महिन्यांपर्यंत धोका राहतो. ऑर्निडॅझोल हे मेट्रोनिडॅझोलच्या कुळातलं, त्यामुळे क्षणभर उतार पडू शकतो, आणि तोच माणसाला गाफील ठेवतो.

तपासणी कधी करायची? गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक झालं आहे, २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा नव्याने पातळ शौच होतंय आणि दुसरं कारण दिसत नाही, तेव्हा. रेचक चालू असेल तर आधी ते थांबवायचं. वय ६५ च्या पुढे असेल, नुकताच दवाखान्यात मुक्काम झाला असेल, तर थांबून बघत बसू नये. घट्ट शौच मात्र तपासायला देऊ नये, कारण हा जंतू काहींच्या पोटात त्रास न देता राहतो. वर्षाच्या आतल्या बाळांत तर तो सर्रास सापडतो.

गावातल्या लॅबची 'स्टूल रूटीन' यात कामाची नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आव, जंत, पू दिसतो, हे विष दिसत नाही. चिठ्ठीवर 'सी. डिफिसिल जीडीएच आणि टॉक्सिन ए-बी' असं स्पष्ट लिहून घ्यावं. जीडीएच जंतू आहे का ते सांगतं, टॉक्सिन तो विष सोडतोय का ते. दोन्ही पॉझिटिव्ह आले तर शंका उरत नाही; एकच आलं तर पीसीआर करतात. आईचा पहिला नमुना नागपूरला एसटीने गेला, साध्या पिशवीत, आणि टॉक्सिन निगेटिव्ह आलं. हे विष उष्ण-दमट हवेत काही तासांतच नासतं. दुसरा नमुना भावाने बर्फाच्या डब्यात नेला, तेव्हा दोन्ही पॉझिटिव्ह.

प्रोबायोटिकची पुडी जुलाब लागल्यावर आणतात, तेव्हा उशीर झालेला असतो. ज्या अभ्यासांत फायदा दिसला, त्यांत बहुतेक ठिकाणी ती अँटिबायोटिकच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू केली होती. पुरावाही एकमुखी नाही: २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत ६५ वर्षांवरच्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही. सॅकॅरोमायसिस बोलार्डी ही यीस्ट असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही. जिवाणूंची पुडी मात्र गोळीपासून दोन तास दूर ठेवावी. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्यांना बोलार्डी देऊ नये, ती रक्तात उतरू शकते. ताक प्यावं, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

आईला व्हॅन्कोमायसिन तोंडाने दिलं, १२५ मिलिग्रॅम दिवसातून चारदा, दहा दिवस. शिरेतून दिलेलं व्हॅन्कोमायसिन आतड्यापर्यंत पोचत नाही. लोपेरामाइडसारखी जुलाब रोखणारी गोळी डॉक्टरांनी आधीच बंद केली होती. ती विष आतच कोंडते. संडास वापरल्यावर हात साबण-पाण्याने धुवावे लागले, कारण सॅनिटायझरने बीजाणू मरत नाहीत. बरं वाटल्यावर 'खात्री म्हणून' पुन्हा तपासणी करायची नसते, पॉझिटिव्ह येऊ शकते आणि उगाच औषध चालू होतं. पण पाचेकातल्या एकाला दुखणं उलटतं, म्हणून आईच्या फाइलीवर क्लिंडामायसिनचं नाव लाल पेनाने लिहून ठेवलंय, पुढचा डॉक्टर औषध लिहायच्या आधी ते वाचेल अशा जागी.