श्लेष भाषांतरात कसा टिकवावा?

प्रश्न : इंग्रजी घोषवाक्यातील श्लेष मराठीत आणता येतो का? (एक वाचक, पादरा, जि. वडोदरा)

उत्तर : ब्रिटनमधील हुजूर पक्षासाठी साची अँड साची या संस्थेने 1978 मध्ये केलेल्या भित्तिपत्रकावर बेरोजगारांच्या लांब रांगेसह ‘लेबर इझन्ट वर्किंग’ असे वाक्य होते, ज्यात श्लेषाने, म्हणजे एकाच शब्दयोजनेतून निघणाऱ्या दोन अर्थांनी, ‘श्रमिकांना काम नाही’ आणि ‘सत्ताधारी मजूर पक्ष कुचकामी आहे’ असे दोन्ही सांगितले होते. ‘मजूर काम करत नाहीत’ या शब्दशः भाषांतरात मात्र दोष कामगारांवरच येतो. ‘बेकार’ म्हणजे कामाविना आणि निरुपयोगीही, म्हणून ‘मजूर बेकार!’ ही पुनर्रचना अधिक समर्पक ठरते. तिच्यात क्रियापद घालू नये, कारण ‘आहेत’ म्हणताच पक्ष निसटतो. मराठीत आता ‘लेबर पक्ष’ असेही लिहिले जात असल्याने, ‘मजूर पक्ष’ हे नाव परिचित नसलेल्या वाचकापर्यंत दुसरा अर्थ पोहोचणार नाही.