कूस बदलल्याची नोंद

माझी इजा मानेतली, म्हणून रात्री दर २ तासांनी दुसऱ्या कुणालातरी माझी कूस बदलावी लागते. केवळ त्यासाठी आम्ही ब्यूरोकडून १२ तासांचा रात्रपाळीचा माणूस घेतला होता. कूस बदलली की वहीत वेळ आणि बाजू लिहायची, हे पहिल्याच दिवशी त्याला समजावलं होतं.

एका रात्री मला जाग आली. डाव्या कुशीवर होतो. दूधवाल्याची सायकल आली तरी डाव्याच कुशीवर. सकाळी वही मागितली, तर २ वाजता उजवी, ४ वाजता पाठ, सगळं नीट लिहिलेलं. अंग पुसताना बायकोला डाव्या खुब्यावर लाल डाग दिसला. तिने बोटाने दाबून पाहिला, तर दाबल्यावर तो पांढरा पडेना. संवेदना नसलेल्या अंगावर अशी लाली म्हणजे बेडसोअरची सुरुवात. त्यापुढे डाग जाईपर्यंत डावी कूस बंद.

विचारलं मी, उत्तर त्या माणसाने बायकोला दिलं: "वहिनी, साहेबांना झोपेत कळत नाही." हे मला अजून सहन होत नाही. हात-पाय चालत नाहीत म्हणून माझ्या शब्दाला किंमत नाही का? ब्यूरोच्या बाईंचं एवढंच म्हणणं, "बदली माणूस देते."

आता सांगतो ते ऐका. माणूस ठेवताना "जमेल का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. पलंगावरून खुर्चीत आपल्याला उचलून बसवायला लावा. ब्रेक आधी लावतो का, काखेत हात घालून ओढतो का, तिथेच कळतं. काय कसं करायचं हे घरच्यांनी नाही, आपण स्वतः सांगा. आणि रात्री कूस बदलायची असेल तर २४ तासांचा एकच माणूस ठेवू नका. दिवसभर राबलेला माणूस दर २ तासांनी उठूच शकत नाही.

पगाराचं आधीच बोला. आपण ब्यूरोला देतो त्यातले त्याच्या हातात किती पडतात, हे त्याच्यासमोरच विचारा. कमी पडत असतील तर तो महिन्याभरात दुसरीकडे जातो. सुट्टीच्या दिवशी बदली कोण, उचल किती आणि ती कशी कापायची, हे कागदावर घ्या. एटीएमचा पिन देऊ नका, ओळखपत्राची प्रत ठेवा, पोलीस पडताळणी करा.

कामांची यादी भिंतीवर लावा: लघवीची पिशवी रिकामी करणं, आंघोळ, कपडे, व्यायाम. पाहुण्यांचा चहा आणि शेजाऱ्यांचा सिलेंडर त्यात नाही. आमच्याकडे एका नातेवाइकांनी दिवसपाळीच्या मुलाला भाजीला पिटाळलं, तेवढ्यात पिशवीची नळी दुमडली. लघवी तुंबली की मला दरदरून घाम फुटतो, डोकं ठणकतं, रक्तदाब चढतो. थांबलं नाही तर जिवावर बेततं. नातेवाईक मात्र माझ्यावरच रुसले.

त्या रात्रपाळीच्या उरलेल्या दिवसांचे पैसे ब्यूरोने अजून परत केलेले नाहीत.