तिसऱ्या फेरीला नागपूरला गेलो नाही

जाहिरात अशी होती: ‘प्रकल्प समन्वयक, महिला उपजीविका. कार्यक्षेत्र सावली व मूल तालुका. एमएसडब्ल्यू असल्यास प्राधान्य. मानधन दरमहा 22,000 रुपयांपर्यंत.’ सावलीत राहून समाजकार्याची पदवी घेतलेल्या माणसाला याहून सोयीचं काय हवं? आमच्यासाठी इकडे नोकऱ्या म्हणजे ‘उमेद’मधली कंत्राटी पदं, नाहीतर गडचिरोलीतल्या एखाद्या संस्थेचा वनहक्कांचा किंवा आरोग्याचा प्रकल्प. निधी संपला की तोही बंद. त्यात घरून ये-जा करून बचत गटांसोबत काम करायला मिळणार म्हटल्यावर मी अर्ज केला.

पहिली फेरी फोनवर झाली. गाव, शिक्षण, अपेक्षित पगार आणि ‘गाडी आहे ना?’ एवढंच विचारलं. दुसरी फेरी गडचिरोलीत समोरासमोर होती. शाखेचे साहेब बोलायला मोकळे होते. त्यांनी मला गटबांधणी, प्रशिक्षण, बाजारपेठ यातलं काहीच विचारलं नाही. ‘उधारी वसूल करायचा अनुभव आहे का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि ‘रागावलेल्या बाईशी कसं बोलाल?’ हा दुसरा.

मुलाखत देताना आपण उत्तरांच्या काळजीत असतो, म्हणून प्रश्नांकडे लक्ष जात नाही. खरं तर कामाचं वर्णन त्यांच्या प्रश्नांतच असतं. ज्या गोष्टीवर तीन-चार प्रश्न येतात ते काम, आणि जिच्याबद्दल एकही प्रश्न येत नाही ती जाहिरातीची सजावट.

त्यांचे प्रश्न संपल्यावर ‘तुम्हाला काही विचारायचं?’ आलं. मी पगाराचं काढलं नाही. म्हटलं, ‘सर, या पदावर आत्ता जो मुलगा आहे, त्याचा कालचा दिवस कसा गेला ते सांगा ना जी.’ ‘कामाचं स्वरूप काय’ असं विचारलं असतं तर जाहिरातीतलीच वाक्यं परत ऐकायला मिळाली असती. कालचा दिवस विचारला की माणूस आठवून सांगतो, आणि आठवून सांगताना सजावट करता येत नाही. साहेबांनी सांगितलं ते असं: सकाळी सातला पहिल्या गावात सेंटर मीटिंग. आठला दुसऱ्या गावात, नऊला तिसऱ्या. रोवणा सुरू असला की बाया लवकर बांधीत जातात, तेव्हा त्याहूनही आधी पोचायचं. गटातली एक बाई आली नाही तर बाकीच्यांनी तिची किस्त भरायची, तोवर मीटिंग सोडायची नाही. दुपारी शाखेत पैसे जमा करायचे आणि ज्यांची किस्त राहिली त्यांच्या घरी संध्याकाळी जायचं. महिन्याला अमुक इतके नवे कर्जदार.

म्हणजे ही मायक्रोफायनान्सची वसुली होती. आमच्या गावात त्या माणसाला किस्तवाला म्हणतात.

काम कमी दर्जाचं आहे असं मला म्हणायचं नाही. सावकाराच्या दारात न जाता बाईला हजारो रुपये मिळतात, ही काही लहान गोष्ट नाही. पण महिला उपजीविकेचा समन्वयक आणि किस्तवाला ही दोन वेगळी माणसं आहेत. ‘उमेद’च्या गटात बाया आधी स्वतःची बचत करतात, आपसात कर्ज देतात, मग बँकेकडे जातात, आणि समन्वयक त्यांना हिशेब शिकवतो. इकडे पैसा कंपनीचा, पाच-सहा जणींची एकमेकींवर जामीनकी, आणि कर्मचाऱ्याचं मोजमाप मुख्यतः एकाच आकड्यावर: किती टक्के किस्त वेळेवर आली. दोन वर्षांनी मी समन्वयकाच्या पदासाठी अर्ज केला असता तर या अनुभवाचं काय सांगितलं असतं?

मग मी पोस्टिंगचं विचारलं. साहेब हसले. ‘सावलीचे ना तुम्ही? मग सावली नाही मिळणार. ओळखीच्या गावात वसुली होत नाही. कुरखेडा नाहीतर कोरची.’ या धंद्यात अनेक कंपन्या कर्मचाऱ्याला त्याच्या गावापासून दूर ठेवतात, आणि त्यांच्या दृष्टीने त्याला कारणही आहे: नात्यातली माणसं, ओळखीच्या नावावर उचललेली कर्जं. पण मग जाहिरातीत सावली आणि मूल कशाला? अर्ज यावेत म्हणून, दुसरं काय.

पगाराचा कागद मी तिथेच मागितला. बावीस हजारांत 13,000 मूळ वेतन होतं, 1,560 कंपनीचा पीएफचा वाटा, 2,000 पेट्रोल भत्ता आणि 5,440 प्रोत्साहन भत्ता, तोही वसुली ठरलेल्या टक्क्यांपर्यंत गेली तरच. हातात काय येणार? तेरा हजारांतून माझ्या वाट्याचा पीएफ 1,560 आणि व्यवसाय कर 200 गेला की 11,240 उरतात. रोज साधारण ऐंशी किलोमीटर गाडी. लिटरला पन्नास किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर दिवसाला 168 रुपये, पंचवीस दिवसांचे 4,200. त्यातले 2,000 कंपनी देणार, उरलेले 2,200 माझ्या खिशातून. शिल्लक 9,040. खोलीभाडं, जेवण, गाडीचं ऑइल आणि टायर यातूनच. हा हिशेब बसस्टँडवर बसून पाच मिनिटांत होतो. जाहिरातीत ‘पर्यंत’ दिसलं की तो करावाच, आणि प्रोत्साहन भत्ता शून्य धरून करावा.

एक गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती. सातच्या मीटिंगला पोचायचं तर अंधारात गाडी काढायची. आमच्याकडे जंगलाच्या कडेची माणसं उजाडण्याआधी एकटी निघत नाहीत, कारण ती वाघाची वेळ. दुचाकीवर, खिशात किस्तीची रोकड घेऊन, रोज. विमा आहे का विचारलं तर ‘बघू’ म्हणाले.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवला होता. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. त्यात वसुली कर्जदार आणि कंपनी दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची असते. कर्जदार सलग दोनदा किंवा अधिक वेळा तिथे आला नाही, तरच त्याच्या घरी किंवा कामाच्या जागी जाता येतं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करणं, नातेवाइकांना त्रास देणं, धमकावणं हे सगळं मना आहे. सातची मीटिंग बायांनीच ठरवली असेल तर तिच्यात काही गैर नाही. पण पहिलीच किस्त चुकली की त्याच संध्याकाळी दारात जाऊन बसणं या नियमात बसत नाही. मी विचारलं, ‘दोनदा चुकल्यावरच घरी जायचं ना जी?’ साहेब म्हणाले, ‘नियम पुस्तकात राहतात. बाई पैसे काढेपर्यंत उंबऱ्यावरून उठायचं नाही.’ बँक, विमा, औषध, खाण, कुठलंही क्षेत्र असो, तिथला एक नियम माहीत करून जावं आणि तो सहज विचारावा. उत्तरावरून कळतं की उद्या तक्रार झाली तर पुढे कोणाला करतील.

दोन दिवसांत फोन आला: ‘तुमची निवड जवळजवळ पक्की आहे. तिसरी फेरी नागपूरला, मूळ कागदपत्रं आणि सही केलेले दोन कोरे चेक घेऊन या.’ घरात मतभेद झाले. बाबांचं म्हणणं, ‘जाऊन तर ये, नाही काऊन म्हणतोस? हातची कशाला सोडतोस?’ आईचं म्हणणं उलटं होतं, कारण ती स्वतः गटात आहे आणि असल्या संध्याकाळी तिने पाहिलेल्या आहेत.

जाऊन यायला काय हरकत, हा प्रश्न वाजवी आहे. फरक थोडा असता तर मीही गेलो असतो. दोन तालुक्यांऐवजी तीन, किंवा गटांसोबत थोडं कर्जाचंही काम, एवढ्यावर बोलता येतं. इथे काम, ठिकाण आणि पगार तिन्ही बदलले होते, आणि शेवटच्या फेरीत नेमकं उलटं वारं असतं. भाडं खर्चून गेलेला माणूस समोर ठेवलेल्या कागदावर सही करतो. मुलाखतीच्या कुठल्याही टप्प्यावर नाही म्हणायला नोटीस लागत नाही की दंड लागत नाही, कारण तोवर करारच झालेला नसतो. सही झाली की चित्र पालटतं. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वैध ठरवली. प्रत्येक बाँड टिकेलच असं नाही, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची कोणी? आणि कोरा चेक तर कुणालाच देऊ नये. तो वटला नाही तर फौजदारी प्रकरण होतं, आणि रक्कम भरणारा हात आपला नसतो.

नकार मी आधी फोनवर कळवला, मग लगेच ईमेलने. मजकूर असा होता: ‘आपण दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे. जाहिरातीत महिला उपजीविका समन्वयक, कार्यक्षेत्र सावली-मूल असं होतं. मुलाखतीत काम कर्जवाटप व वसुलीचं, नियुक्ती कुरखेडा किंवा कोरची असल्याचं कळलं. हे काम माझ्या शोधात बसत नाही, म्हणून नागपूरच्या फेरीला मी येणार नाही. जाहिरातीप्रमाणे पद निघाल्यास जरूर कळवावं.’ उंबऱ्याचा विषय मी त्यात घातला नाही. तो एका माणसाच्या तोंडचा शब्द होता, माझ्याजवळ कागद नव्हता. फरक सांगायचा तो दोन्हीकडे नोंद असलेल्या गोष्टींचा. जाहिरातीचा फोटो मात्र जपून ठेवला होता, ते बरंच झालं, कारण पुढे ती वेबसाइटवरून गेली.

संध्याकाळी मनुष्यबळ विभागातून बाईंचा फोन आला. ‘सहा महिने फील्ड करा, मग प्रशिक्षणाच्या बाजूला घेऊ.’ मी म्हटलं, ‘मॅडम, हेच दोन ओळींत ईमेल करा, मी नागपूरला येतो.’ ‘करते’ म्हणाल्या. ईमेल आली नाही.

त्याच भरतीत व्याहाडचा माझा एक मित्र गेला. त्याने सगळं समजून घेऊन नोकरी धरली. घरी शेती नाही, पीएफ सुरू होणं त्याला महत्त्वाचं होतं, आणि कुरखेड्याला त्याचे मामा राहतात, म्हणजे खोलीचा प्रश्न मिटला. मी त्याला एवढंच सुचवलं होतं की ठोक 2,000 ऐवजी पेट्रोल किलोमीटरप्रमाणे माग आणि चेक देऊ नकोस. किलोमीटरला तीन रुपये त्याने नेमणूकपत्रात लिहून घेतले. ऐंशी किलोमीटरचे दिवसाला 240 झाले, म्हणजे पेट्रोलही निघतं आणि टायरलाही काही उरतं. चेकच्या बाबतीत त्याला ‘मग राहू द्या’ एवढंच उत्तर मिळालं, आणि तरीही नोकरी मिळाली.