बाळंतपणानंतर पीएचडीला विराम

प्रश्न : जानेवारी २०२४ मध्ये पीएचडीला नोंदणी झाली. नुकतीच बाळंत झाले आहे. गाइड म्हणतात, ‘सहा महिने घरीच राहा, अर्जबिर्ज नको.’ तेवढं पुरेल का?

उत्तर : नाही. तोंडी सवलतीची विद्यापीठाच्या दप्तरी नोंद होत नाही. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल मांडावा लागतो; तो चुकला, की कागदोपत्री तुम्ही फक्त गैरहजर दिसता.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार संपूर्ण पीएचडी काळात महिला संशोधकांना प्रसूती व बालसंगोपनासाठी मिळून २४० दिवसांपर्यंत रजा देता येते. आत्ता १८० दिवस घेतलेत, तर ६० उरतील. मूल आजारी पडलं, तर ते उपयोगी येतील.

गाइडच्या शिफारशीसह विभागप्रमुखांमार्फत पीएचडी कक्षाकडे अर्ज करा. त्यात रजेच्या दोन्ही तारखा लिहा, मधला प्रगती अहवाल पुढे ढकलण्याची विनंती करा आणि प्रसूतीचं प्रमाणपत्र जोडा. पोचप्रत घ्या, मंजुरी मात्र लेखी आदेशानेच धरा. फेलोशिप असेल, तर रजेच्या काळातल्या रकमेबाबत वेगळा अर्ज लागतो का, हेही तिथेच विचारा.

रजा मिळाली म्हणजे मुदत आपोआप वाढली, असं समजू नका. तुमची सहा वर्षं जानेवारी २०३० मध्ये संपतात. पुनर्नोंदणीने दोन वर्षं आणि महिलांसाठीच्या सवलतीने आणखी दोन वर्षं मिळू शकतात, पण तीही मागावी लागतात.