सिझरनंतरची डोकेदुखी आणि नाकातला ब्लॉक

मैत्रिणींनो, समजा सिझरच्या दुसऱ्या दिवशी एका ताईचं डोकं असं ठणकतंय की बाळाला पाजायला बसवत नाही. आडवं झालं की मात्र उतरतं. कमरेत दिलेल्या भुलीच्या सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपलं की असं होतं.

गोळ्यांनी भागलं नाही, तर काही भूलतज्ज्ञ नाकातून ब्लॉक देतात. ताईला उताणं निजवून, भुलीच्या औषधात भिजवलेली लांब कापसाची काडी प्रत्येक नाकपुडीतून हळूच मागपर्यंत सरकवतात. ती दहा-पंधरा मिनिटं ठेवली की तिथला नसांचा गुच्छ बधिर होतो. घसाही कडवट, बधिर होतो. तो बधिरपणा जाईपर्यंत खायचं-प्यायचं नाही.

पण यानं छिद्र बुजत नाही, म्हणून दुखणं परतू शकतं. डेन्मार्कमधल्या २०२० च्या चाचणीत साध्या सलाईनच्या काडीनंही जवळपास तेवढाच आराम पडला. दुखणं हटलंच नाही, तर तिचंच थोडं रक्त कमरेत सोडून छिद्र बुजवतात.

आडवं होऊनही दुखत असेल, ताप, झटका किंवा नजर धूसर असेल, तर कारण वेगळं असू शकतं. लगेच दवाखाना गाठा, बीपी तपासा.