डॉलर चढला म्हणून पेढे?

चि. मंदार यास,


डॉलर चढला म्हणून तू कारखान्यात पेढे वाटलेस, असं कळलं. पेढ्यांचं काही नाही रे. पण आफ्रिकेतून नव्वद दिवसांच्या उधारीवर आणलेल्या काजू बीचं फॉरवर्ड बुक केलं नाहीस म्हणे. खरं का हे? दोन रात्री डोळा लागला नाही.

एक किलो गराचा हिशेब कर. सोपे आकडे धर: गर परदेशात 7 डॉलरला जातो, त्यासाठी लागणारी बी 5 डॉलरची. डॉलर 54 चा 68 झाला, तर तुला वाटतं 98 रुपये जास्त मिळाले. त्यातले 70 बीवालाच नेतो. तुझ्या हाती 28. तेही गिऱ्हाईक राहू देईल तर. तोही रोज भाव बघतो आणि सूट मागतो. आपला माल तिकडे स्वस्त पडतो तो बी फोडणाऱ्या बायांची मजुरी डॉलरात कमी भरते म्हणून. त्यांच्या हातात रुपये तेवढेच, आणि बाहेरून येणारं पामतेल महाग. बागायतदाराचं मात्र बरं होतं. बाहेरची बी महागली की त्याच्या बीलाही भाव चढतो.

आणि तू तर निम्मा गर पुण्या-मुंबईला रुपयात विकतोस! तिथे भाव लगेच चढत नाही, बीचे 70 रुपये मात्र खिशातून जातात.

हे आकडे मी उगाच नाही घेतले. 2013 च्या मे महिन्यात डॉलर 54 च्या आसपास होता. अण्णांनी मला विचारलं, "बुक करूया का गं?" वह्या माझ्याकडे. मी ऐटीत म्हटलं, "थांबा, उतरेल." 28 ऑगस्टला तो 68 च्याही वर गेला. ऑक्टोबरात उतरलाही, पण आपलं बिल ऑगस्टात होतं. माझ्या पाटल्या त्यात गेल्या, हे तुला कुणी सांगितलं नसेल. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच अजून सलतं.

तर सगळं बुक कर असं नाही म्हणत. दोन किलो गराच्या बीला 10 डॉलर जाणार, निर्यातीच्या एका किलोचे 7 येणार. ते बिलाच्या तारखेआधी येत असतील, तर उघडे राहतात फक्त 3. तेवढ्याचं तरी बँकेत जाऊन बुक कर, उद्याच.

रागावले असं वाटलं तर मनावर घेऊ नकोस. कारखाना तू उभा ठेवलास, नाहीतर केव्हाच कुलूप लागलं असतं. बँकेतून आलास की फोन कर, कितीही उशीर झाला तरी. मी जागीच असेन.

तुझी,
आत्या