तेजाब अठ्ठ्याण्णव टक्क्यांचेच का?

बिबवेवाडीत बॅटरीचे दुकान चालवणाऱ्या आमच्या एका वाचक बांधवाने विचारले आहे : सल्फ्युरिक ॲसिडच्या कॅनवर ९८ टक्के लिहिलेले असते, मग उरलेले दोन टक्के पाणी कारखानदार फायद्यासाठी मिसळतो काय? प्रश्न रास्त आहे. पण या दोन टक्क्यांमागे लबाडी नाही, बनावटीची पद्धत आहे.

तेजाब गंधकापासून होते. गंधक कोरड्या हवेत जाळला की सल्फर डायऑक्साइड हा घशाला झोंबणारा वायू मिळतो. त्याला आणखी थोडा ऑक्सिजन जोडला की सल्फर ट्रायऑक्साइड होतो आणि त्याला पाणी मिळाले की तेजाब. अडचण मधल्या पायरीत आहे. हे दोन वायू नुसते एकत्र ठेवले तर जोडणी फारच सावकाश होते. तापमान खूप वाढवले तर वेग येतो, पण झालेला माल पुन्हा फुटू लागतो. म्हणून कमी उष्णतेत काम उरकून देणारा मध्यस्थ लागतो. त्यालाच उत्प्रेरक म्हणतात.

१८३१ साली ब्रिस्टलच्या पेरेग्रीन फिलिप्स यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले. हे गृहस्थ सिरक्याचे व्यापारी होते, हे आमच्या व्यापारी वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे! त्यांनी प्लॅटिनम वापरले. प्लॅटिनम काम चोख करते, पण एक तर ते महाग आणि दुसरे म्हणजे आर्सेनिकचा अंश लागला की निकामी होते. गंधकयुक्त लोहखनिज भाजून वायू काढला तर त्यात आर्सेनिक हमखास येते. पुढे व्हॅनेडियम पेंटॉक्साइड आले. ते पोटॅशियमच्या क्षारासह सिलिकाच्या गोळ्यांत भरतात. ते स्वस्त आहे आणि असे विष पुष्कळ सोसते. फक्त ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याशिवाय ते जागे होत नाही. तेव्हा गोळ्यांच्या छिद्रांतला क्षार वितळतो आणि खरे काम त्या पातळ थरात चालते. ६०० अंशांच्या फार वर नेले तर गोळ्या खराब होऊ लागतात. जोडणी होताना उष्णता निघते, म्हणून गोळ्यांचे तीन-चार थर करून मध्ये वायू थंड करावा लागतो.

आता शेवटची पायरी. ट्रायऑक्साइड सरळ पाण्यात सोडला तर काय बिघडते? पाण्यातून वाफ उठत असते. वायू पाण्यात शिरण्याआधीच त्या वाफेला भेटतो आणि तेजाबाचे बारीक धुके होते. हे धुके इतके सूक्ष्म असते की पाण्याच्या फवाऱ्यातही सापडत नाही. ते धुराड्यातून बाहेर पडते, म्हणजे माल हवेत जातो आणि शेजाऱ्यांची छाती भरते. म्हणून वायू सुमारे ९८.३ टक्के तेजाबातच शोषतात. या तीव्रतेला तेजाबावर पाण्याची वाफही जवळजवळ नसते आणि ट्रायऑक्साइडही उडत नाही. याहून पातळ झाले तर वाफ वाढते, घट्ट झाले तर वायूच सुटू लागतो. धुराड्यातून पांढरा दाट लोट दिसला की जाणकार प्रथम मनोऱ्यातल्या तेजाबाची तीव्रता तपासतो आणि मग हवा नीट सुकवली जाते की नाही ते पाहतो.

पाणी लागतेच, पण मोजून आणि तेजाबात. १०० किलो ट्रायऑक्साइडला २५ किलो पाणी दिले की १२५ किलो ९८ टक्क्यांचे तेजाब होते. ते दोन टक्के हेच. शिवाय पूर्ण १०० टक्क्यांचे तेजाब १० अंशांच्या सुमारास गोठते. पुण्याच्या थंडीत तुमचा कॅन दगड झाला असता!

दुकानातही हीच गोष्ट उपयोगी पडते. १० लिटर ९८ टक्क्यांचे तेजाब (वजन सुमारे १८.४ किलो) ३० लिटर डिस्टिल्ड पाण्यात मिसळले, तर सुमारे ३७ टक्क्यांचे, १.२८ ग्रॅव्हिटीचे बॅटरी ॲसिड जवळपास ३८ लिटर मिळते. मात्र नेहमी तेजाब पाण्यात, थोडे थोडे आणि ढवळत ओतावे. पाणी तेजाबावर ओतले तर तेवढ्या जागी ते उकळून अंगावर उडते. गार झाल्यावरच ग्रॅव्हिटी मोजावी, कारण गरम असताना काटा कमी दाखवतो.

आणि एक. तीव्र तेजाब लोखंडी पिंपात टिकते, कारण आतून क्षाराचा थर चढतो. पिंपात पाणी शिरले, किंवा पातळ तेजाब भरले, तर तेच लोखंड खाल्ले जाते आणि हायड्रोजन वायू साठतो. अशा पिंपाजवळ बिडी किंवा वेल्डिंग चालणार नाही.